खानापूर भागात घरच्या लग्नाचा मांडव: दिवस कसा धरायचा, खुर्च्या कशा मोजायच्या, जादा लायटिंगचं काय?

माळावरचा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात रविवारी घरचं लग्न आहे, खानापूर तालुक्यातल्या गावात. कार्यालय नाही. घरासमोरचं अंगण आणि त्याला लागून असलेलं मोकळं शेत, दोन्हीवर मिळून मांडव घालायचा. शनिवारी संध्याकाळी पाचला हळद, रविवारी 12 वाजून 27 मिनिटांनी अक्षता, जेवणं चारपर्यंत उरकतील. माणसं साधारण सहाशे.

मंडपवाल्यानं दिलेलं कोटेशन असं:
मांडव 45 बाय 90 फूट, म्हणजे 15 बाय 15 चे 18 गाळे, गाळ्याला 2,500 रुपये रोज, दोन दिवस.
खुर्च्या 500, दहा रुपये रोज, दोन दिवस.
खुर्चीकव्हर 300, पंधरा रुपये रोज, दोन दिवस.
स्टेज आणि मागचा पडदा सजावटीसह 35,000, एकरकमी.
फोकस 40, नगाला 250 रोज. माळा 30, नगाला 60 रोज. जनरेटर 6,000 रोज, डिझेल तुमचं.
खाली एक ओळ: "जादा लायटिंग लागेल तसं."

जोडून बघितलं तर 1,79,600 होतंय, डिझेल वेगळं. दर चढे आहेत का, हे विचारत नाही, ते मी चार ठिकाणी विचारलेत. दोन दिवस धरले ते बरोबर का, आणि ती शेवटची ओळ कशी बांधून घ्यायची, एवढंच जाणकारांनी सांगावं.

टिळकवाडी_कट्टा
एवढी डोकेफोड कशाला ओ? बेळगावात कार्यालय धरा, एका भाड्यात खुर्च्या, लाईट, स्वयंपाकघर सगळं येतंय. पार्किंगपण मिळतंय.

माळावरचा
काका, घरासमोरच करायचं ठरलंय, देवकार्यही तिथंच आहे. प्रश्न मांडवाच्या बिलाचा आहे.

हिशेबी
अगदी सोपं आहे. दिवस म्हणजे 24 तास. शनिवारी पाच ते रविवारी पाच, एक दिवस झाला. दुसऱ्या दिवसाचे पैसे द्यायचेच नाहीत. लॉजवाले असंच धरतात की.

झालर
हिशेबी, निम्मं बरोबर आहे तुमचं. शनिवारी पाचला हळद आणि रविवारी चारला शेवटची पंगत हे 24 तासांत बसतं, हे खरं. पण मांडव लॉजच्या खोलीसारखा नसतो. खोली तुम्ही सोडली की तासाभरात दुसऱ्याला देता येते. मांडवाचं सामान शुक्रवारी सकाळी गाडीत चढतं, शुक्रवारी दिवसभर पाईप उभे राहतात, शनिवारी दुपारपर्यंत कापड, आणि सोडायला रविवारी संध्याकाळ ते सोमवार सकाळ. तुम्ही वापरलं एक दिवस, त्याच्याकडून सामान गेलं तीन दिवस. म्हणून घड्याळ लावून भांडायला गेलात की तोही घड्याळ काढतो, आणि त्याच्या घड्याळात तीन दिवस असतात.

माळावरचा, तुमच्या बाबतीत बघायचं ते हे की 2,500 च्या गाळ्यात काय काय आहे. गाडीभाडं, हमाली, उभारणी, सोडणी, हे सगळं एकदाच होतं. मांडव एक दिवस राहू दे नाहीतर चार दिवस, खड्डे एकदाच मारायचे आणि पाईप एकदाच उभे करायचे. आपल्या भागात साधारण निम्म्याहून जास्त पैसा ह्यातच जातो. उरलेलं म्हणजे कापडाचं, पाईपचं, कार्पेटचं भाडं. दुसऱ्या दिवशी मांडव नुसता उभा असतो, तेव्हा हमाली परत लावायला कारण नाही. म्हणून पहिला दिवस पूर्ण आणि पुढचा दिवस चाळीस ते पन्नास टक्के, असं बोलणं रास्त आहे. तुमचे पहिल्या दिवसाचे 45,000. दुसऱ्या दिवसाचे चाळीस टक्के धरले तर 18,000, निम्मे धरले तर 22,500. त्यानं 90,000 लावलेत.

आता त्याची बाजूही बघा. तुमचा रविवार दाट तिथीचा असेल आणि लगेच सोमवारी किंवा मंगळवारी पुढचा मुहूर्त असेल, तर अडकलेलं कापड म्हणजे त्याचं बुडालेलं दुसरं काम. तेव्हा तो निम्म्यावर येणार नाही, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही. पंचांग काढून पुढचे दोन दिवस बघा. तिथी नसेल तर ताणा, असेल तर फार ताणू नका.

माळावरचा
ताई, हे कुणी असं फोडून सांगितलंच नव्हतं. पुढची तिथी गुरुवारी आहे, म्हणजे मध्ये तीन दिवस मोकळे. मग शुक्रवारी उभारणी आणि सोमवारी सोडणी ह्याचे पैसे वेगळे द्यायचे का?

झालर
द्यायचे नाहीत, पण तसं लिहून घ्यायचं. कागदावर शब्द असा हवा: "वापराचे दिवस दोन, शनिवार व रविवार. उभारणी व सोडणीचे दिवस धरू नयेत." आणि सोडणीची वेळ घाला, सोमवारी दुपारी बारा. नाहीतर उलटंही होतं. त्याची माणसं दुसऱ्या गावात अडकतात, मांडव मंगळवारपर्यंत तुमच्या दारात उभा, आणि तुमची गाडी त्यातून बाहेर निघत नाही.

आणखी एक. बिल कन्नडमध्ये आलं तर "हंदर" म्हणजे मांडव आणि "बाडिगे" म्हणजे भाडं, हे ध्यानात ठेवा. "दिन" पुढचा आकडा पहिल्यांदा बघा. तिथं 3 असेल तर सही करू नका, आधी विचारा.

चंदगडी
एक शंका. आमच्याकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, मंडपवाला बोलावला तर जीएसटीचं काय होतं? आमच्या इथले दर थोडे कमी आहेत म्हणून विचारतोय.

हिशेबी
राज्य बदललं की टॅक्स लागत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

झालर
नाही हो, लागतो. मांडवाच्या कामाला 18 टक्के, मग तो कुठलाही असो. कर्नाटकातला असेल तर नऊ आणि नऊ असे दोन भाग बिलात दिसतील, बाहेरचा असेल तर 18 चा एकच आकडा. त्याचा जीएसटी नंबर 29 नं सुरू झाला तर कर्नाटकात नोंदलेला, 27 नं सुरू झाला तर महाराष्ट्रात. नोंदणीच नसेल तर त्याला टॅक्स लावता येत नाही. कच्च्या बिलावर "जीएसटी 18%" लिहून पैसे मागितले तर नंबर मागा. नंबर नसेल तर ते पैसे सरळ त्याच्या खिशात. काही लोक कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असतात, त्यांनाही गिऱ्हाइकाकडून बिलात वेगळा टॅक्स घेता येत नाही, आणि राज्याबाहेर जाऊन कामही करता येत नाही.

चंदगडी, दर कमी दिसतो खरा, पण गाडीभाड्यात जातो. तिकडून खानापूरला येऊन जाऊन दोन खेपा झाल्या की फरक संपला.

माळावरचा
आता खुर्च्या. सहाशे माणसांना पाचशे खुर्च्या कमी पडतील का जास्त होतील?

निपाणीची_मावशी
सहाशे माणसाला सहाशे खुर्च्या कुणी घेत नाही बाळ. अक्षता पडायच्या वेळी निम्मी माणसं उभीच असतात, बाया स्टेजपाशी, पोरं बाहेर. चारशे पुरेत बसायला. पण जेवणाच्या टेबलाला वेगळ्या मोजतात ते विसरू नका.

झालर
मावशी म्हणतात तेच. फसगत होते ती ह्या दोन ठिकाणच्या मोजणीत. मंडपवाला मांडवाच्या 350 आणि जेवणाच्या 150 असं जोडून 500 करतो. जेवणं अक्षतांनंतर, मांडवातल्या खुर्च्या तेव्हा रिकाम्याच होतात. पण पहिल्या पंगतीसाठी टेबलं आधी लावून ठेवावी लागतात, त्यामुळं शंभर तरी वेगळ्या हव्यातच. 350 आणि 100, म्हणजे 450 वर काम होतं.

खरा घोळ दिवसांचा आहे. हळदीला किती माणसं? दीडशे असतील. मग शनिवारी 500 खुर्च्यांचं भाडं कशाला? त्यावर तो म्हणणार, गाडी एकच येते, सगळ्या शनिवारीच उतरतात. बरोबर आहे. मग असं करा: सगळ्या उतरवून घ्या, 150 मांडा, उरलेल्या 300 रचून दोरीनं बांधून ताडपत्रीखाली ठेवा, आणि "बांधलेल्या खुर्च्यांना शनिवारचं भाडं नाही" हे आधी बोलून ठेवा. शनिवारच्या 150 चे 1,500 आणि रविवारच्या 450 चे 4,500, एकूण 6,000. त्यानं 10,000 लावलेत.

उतरवताना आणि चढवताना मोजणी एकाच पद्धतीनं झाली पाहिजे. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एकेक रास वीसचीच करायची, राशी मोजायच्या, वरच्या सुट्या वेगळ्या मोजायच्या, आणि दोन्ही वेळा त्याच्या माणसाची सही घ्यायची. उतरवताना कुणी मोजत नाही, सगळी गडबड हळदीची. मग सोमवारी "बारा कमी आहेत" म्हणतो आणि तुमच्याकडं उत्तर नसतं. देवळाच्या नाहीतर सोसायटीच्या खुर्च्या त्यात मिसळल्या असतील तर आणखी गोंधळ. पाठीवर मालकाच्या रंगाची खूण असते, ती कुठली हे आधी बघून ठेवा.

माळावरचा
मोडलेल्या खुर्चीला काय द्यायचं? कोटेशनमध्ये काहीच लिहिलं नाही.

झालर
लिहून घ्या. जुन्या खुर्चीला नव्याची पूर्ण किंमत मागितली तर मान्य करू नका, निम्म्यावर यावं. पण मोडणार का, ते आधी बघा. तुमचा निम्मा मांडव शेतात आहे. नांगरलेल्या मऊ मातीत चारपैकी एक पाय रुततो, सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो, आणि जाड माणूस मागं रेलला की मागचा पाय बुडाशी चिरतो. म्हणून आठवडाभर आधी पाणी मारून, रोलर फिरवून, वर मुरूम टाकून घ्या. नुसतं मॅटिंग अंथरून भागत नाही. मॅटिंगखाली खड्डा तसाच राहतो, उलट दिसत नाही म्हणून जास्त धोका.

निपाणीची_मावशी
आणि कव्हरं! हळदीला पांढरी कव्हरं घालू नका म्हणावं. ह्याचे पैसे हमखास लावतात.

झालर
मावशी, तेच सांगणार होते. पांढऱ्या कव्हरावर ओली हळद लागली आणि कुणी घाईघाईत साबण चोळला की डाग तांबडा होतो, आणि मग मंडपवाला म्हणतो कुंकू लागलंय. ती हळदच असते, साबणाच्या खारानं रंग बदलतो. साध्या पाण्यानं धुवून कडक उन्हात टाकलं तर पुष्कळसा डाग उडतो, पण सोमवारी त्याची गाडी दारात उभी असताना ऊन दाखवायला कुणाला वेळ आहे? शनिवारी कव्हर नकोच. रविवारी सकाळी सातपासून चढवायला दोन माणसं मागा, 300 कव्हरं दहापर्यंत होतात. भाडं एका दिवसाचं, 4,500. त्यानं दोन दिवसांचे 9,000 लावलेत.

वायरमन_अण्णा
उशिरा वाचलं. लायटिंगचं मी सांगतो, ते अजून कुणी हात लावलेलं नाही.

पहिलं म्हणजे रविवारची अक्षता दुपारी साडेबाराची. त्या वेळी मेमधल्या उन्हात उघड्या मांडवात रंगीत लाईट कुणाला दिसतात? स्टेजवरचे पार लाईट दिवसा लावले तरी कापडावर रंग उमटत नाही. फोटोवाला स्वतःचा लाईट आणतो. म्हणजे रोषणाईची गरज फक्त शनिवारी संध्याकाळी सहा ते रात्री बारा. कोटेशनमध्ये 40 फोकस आणि 30 माळा दोन दिवस लावल्यात. एकच दिवस करा.

दुसरं, 40 फोकस कशाला? 18 गाळ्यांना गाळ्याला एक 50 वॉटचा एलईडी बस झाला, पांढऱ्या कापडाचं सिलिंग असेल तर उजेड परत खाली येतो. स्टेजला 100 वॉटचे आठ. स्वयंपाकाकडे, संडास-बाथरूमच्या वाटेला, गाड्या लावायच्या जागी मिळून 100 वॉटचे आठ. झाले 34. स्वयंपाकाकडे मात्र कंजूषपणा नको. उकळत्या तेलाच्या कढईवर आचाऱ्याची स्वतःचीच सावली पडत असेल तर मागच्या बाजूला आणखी एक लावा.

आता लोड बघा. गाळ्यांचे 900 वॉट, स्टेजचे 800, बाकी फोकस 800, माळा 300, साउंड 2,000, आणि उभे पंखे बारा धरले तर 1,800. बेरीज 6,600. ह्याला 15 केव्हीएचा जनरेटर पुष्कळ झाला, निम्म्या लोडच्या थोडं वर चालेल. त्यानं 25 चा आणला तर 25 चं भाडं देऊ नका. जुने हॅलोजन आणले तर मात्र हे गणित कोसळतं. एक हजार वॉटचे दहा लावले की तिथंच दहा हजार वॉट झाले. म्हणून कोटेशनमध्ये "फोकस" असं मोघम नको, "एलईडी, 50 वॉट 18, 100 वॉट 16" असं हवं.

हिशेबी
अण्णा, जनरेटर कशाला लागतोय? घरच्या मीटरवरून एक केबल ओढली की झालं. नाहीतर शेतात पंपाची थ्री फेज आहेच की बाजूला.

वायरमन_अण्णा
पंपाची लाईन विसरा. ती शेतीसाठी आहे, थ्री फेज ठरावीक तासच असते, आणि हळदीच्या वेळेला नेमकी जाईल. शिवाय शेतीच्या जोडणीवर रोषणाई लावणं हा वीज कायद्यानं गैरवापर धरतात, दंड वेगळाच. घरच्या मीटरचा मंजूर लोड बिलावर छापलेला असतो. तो दोन-तीन किलोवॉट असेल आणि तुम्ही सहा ओढले तर आधी एमसीबी पडतो. कुणीतरी शहाणा तो वायर घालून बायपास करतो, आणि मग सर्व्हिस वायर तापून खांबावरच जळते.

बरोबर रस्ता म्हणजे हेस्कॉमच्या ऑफिसात तात्पुरत्या जोडणीचा अर्ज. आठ-दहा दिवस आधी द्या, ऐनवेळी नको. लोड लिहायला वरचा आकडा आहेच. ती जोडणी मिळाली तर जनरेटर फक्त लाईट गेल्यावर चालवायचा.

माळावरचा
अण्णा, "डिझेल तुमचं" ह्याचं काय करायचं?

वायरमन_अण्णा
15 केव्हीए निम्म्या लोडवर तासाला साधारण अडीच लिटर खातो. शनिवारी सहा तास सलग चालवला तरी 15 लिटर, लिटरला 90 धरले तर 1,350 रुपये. पण तो येताना म्हणतो टाकी भरा. टाकीत साठेक लिटर बसतं, आणि उरलेलं डिझेल त्याच्याबरोबर पुढच्या गावाला जातं. म्हणून सुरू करायच्या आधी तासमीटरचा फोटो काढा, टाकीत काठी बुडवून खूण करा. बंद करताना परत तेच. जेवढं गेलं तेवढंच भरून द्यायचं. काठीचा विषय काढला की बरेचजण स्वतःच एक आकडा ठरवून घ्यायला तयार होतात.

जनरेटर रविवारी दिवसा साउंड आणि पंख्यांपुरता लागेल. त्याचं भाडं दोन दिवसांचं मागतील. लाईट असेल तर तो नुसता उभा राहणार, तेव्हा "चालला तर पूर्ण, उभा राहिला तर निम्मं" असं बोला. हे सगळे मानतीलच असं नाही.

निपाणीची_मावशी
फोकस एकाएकी भडकून जळाले की पैसे कुणी द्यायचे? गावाकडं असं होतं कधीकधी.

वायरमन_अण्णा
मावशी, ते न्यूट्रल सुटल्यामुळं होतं. थ्री फेजवरून तीन बाजूंना लाईट वाटलेले असतात. कुठंतरी न्यूट्रलचा जोड नुसता पीळ मारून टेप लावलेला असतो. वाऱ्यानं पाईप हलला किंवा कुणी वायरीवर पाय दिला की तो सैल होतो. मग ज्या बाजूला लोड कमी त्या बाजूला व्होल्टेज चढतो आणि दुसऱ्या बाजूला उतरतो. खूण अशी की मांडवातले अर्धे लाईट एकदम पिवळट मंद होतात आणि अर्धे नको तेवढे लख्ख. दोन-चार सेकंदांत लख्ख बाजूचे अडॅप्टर, साउंडचा मिक्सर, कुणाचा चार्जिंगला लावलेला मोबाईल, सगळं जातं. असं दिसलं की कारण शोधत बसू नका, मेन स्विच पाडा. म्हणून मेन स्विच कुठं आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत हवं, आणि त्याच्यासमोर टेबलं रचलेली नकोत.

पैसे कुणी द्यायचे, तर माझ्या मते जोडणी ज्यानं केली त्यानं. जोड टर्मिनलमध्ये स्क्रूनं आवळलेला असायला हवा, ते त्याचं काम.

झालर
अण्णा, इथं मी नाही पटवून घेणार. जनरेटरपर्यंत त्याची जबाबदारी, कबूल. पण हेस्कॉमच्या खांबावरूनच न्यूट्रल सुटला तर मंडपवाला काय करणार? त्याचंही सामान जळतं की.

वायरमन_अण्णा
खांबावरून असेल तर शेजारच्या घरांतलेही लाईट तसेच होतील, तेवढ्यावरून कळतं. पण रात्री अकराला शेजारी जाऊन बघणार कोण, हा प्रश्न आहेच.

निपाणीची_मावशी
आणि पावसाचं कुणी बोललंच नाही. मे महिना आहे, वळीव येणारच.

झालर
बरं झालं आठवण केलीत. माळावरचा, तुमच्या कोटेशनमध्ये वॉटरप्रूफ शब्दच नाही, म्हणजे नुसतं कापडाचं सिलिंग. वळवाचा अर्धा तास पाऊस झाला की कापडाला पोट सुटतं, त्यात पाणी साठतं, आणि कुणीतरी काठीनं खालून ढोसतं, मग सगळं एकाच टेबलावर. भार वाढला की आडवा पाईपही वाकतो. वर ताडपत्री घातली तरी मधे उंची आणि दोन बाजूंना उतार हवा, सपाट घातलेल्या ताडपत्रीनंही तेच होतं.

इथं गाळ्याला सहाशे ते आठशे जादा पडतील. काहीजण म्हणतात फक्त स्टेज आणि जेवणाच्या गाळ्यांवर घालू. पैसे वाचतात खरे, पण झाकलेल्या आणि उघड्या गाळ्याच्या सांध्यावर सगळं पाणी धो धो खाली येतं, तिथं पन्हळ लावून ते बाहेर काढावं लागतं. पन्हळ नीट बसवणारी माणसं कमी. शिवाय वावटळ सुटली तर बाजूच्या कनाती आधी सोडून गुंडाळायच्या. उभी कनात शिडासारखा वारा धरते आणि कडेचे खांब उपटते. ह्यासाठी त्याचा एक माणूस रात्रभर मांडवात झोपायला हवा. त्याचं जेवण तुमच्याकडं, मजुरी त्याच्याकडं, हेही आधीच.

माळावरचा
आज मंडपवाल्याशी बसून बोललो, तुमचे मुद्दे कागदावर घेऊन. काय झालं ते सांगतो.

मांडव: पहिला दिवस 45,000, दुसरा निम्मा, 22,500. चाळीस टक्क्यांना तयार झाला नाही. उभारणी-सोडणी धरायची नाही, हे लिहून दिलं.
खुर्च्या 6,000. बांधून ठेवायचं म्हटल्यावर हसला, पण मानलं.
कव्हर रविवारचीच, 4,500.
लायटिंग शनिवारपुरतं: 34 एलईडीचे 8,500, माळांचे 1,800. जनरेटर 15 केव्हीए, शनिवारचे 6,000. रविवारी हेस्कॉमची जोडणी आली तर जनरेटर चालला तरच पैसे.
"जादा लायटिंग लागेल तसं" ही ओळ खोडून तिथं "घरातल्या दोघांपैकी एकाची सही असेल तरच जादा" असं घातलं.
स्टेजचे 35,000 तसेच राहिले.

म्हणजे 1,29,300, डिझेल सोडून. आधीच्यापेक्षा 50,300 कमी. जीएसटी नंबर विचारल्यावर म्हणाला, नोंदणी नाही, टॅक्स लावणार नाही.

वॉटरप्रूफचं अडलंय. सगळ्या 18 गाळ्यांना 700 प्रमाणं 12,600 मागतोय. घरात दोन मतं आहेत, वडील म्हणतात दहाच गाळे झाका.

झालर
दहा गाळे झाकणार असाल तर कुठले, ते आधी सांगा. तीन रांगा सहा-सहाच्या आहेत ना? झाकलेले सगळे एका टोकाला सलग आले तर सांधा एकच राहतो. मधेमधे सोडून झाकले तर पन्हळींचं जाळंच करावं लागेल.

माळावरचा
स्टेज पूर्वेला, जेवण पश्चिमेला. दोन टोकांना आहेत, तिथंच गोची आहे.

वायरमन_अण्णा
मग मधल्या उघड्या गाळ्यांतल्या फोकसांच्या वायरी झाकलेल्या बाजूनं आणायला सांगा. आणि जोड जमिनीवर नको, पाईपला कमरेच्या वर बांधा.

हिशेबी
जेवण स्टेजच्या बाजूला का नाही घेत? सांधा एक होईल.

झालर
हिशेबी, हे मात्र बरोबर बोललात. आचाऱ्याचा धूर कुठल्या बाजूला जातो तेवढं बघायला लागेल. संध्याकाळी वारा पश्चिमेकडूनच असेल ना तुमच्याकडं?

माळावरचा
हो, पश्चिमेकडून. म्हणजे जेवण पूर्वेला आणि चुली त्याच्याही पलीकडं घेतल्या तर धूर बाहेर जाईल. उद्या सकाळी जाऊन फुटं मोजतो, तिकडं विहीर आहे, जागा बसते का बघतो.